पाचशे मीटर आणि एक अंश

मुळा नदीचं पाणी मुळात पुण्याकडे यायचं. सह्याद्रीत उगम पावून पूर्वेला वाहायचं, पुढे भीमा, कृष्णा करत बंगालच्या उपसागराला मिळायचं. मुळशीला धरण झालं आणि या पाण्यातल्या बऱ्याच भागाची दिशा उलटली. आता ते बोगद्यातून आणि जाडजूड पोलादी नळांतून सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरून खाली रायगड जिल्ह्यात उतरतं, भिऱ्याच्या वीजघरात टर्बाइन फिरवतं आणि कुंडलिका नदीतून अरबी समुद्राकडे जातं. जलाशय आणि वीजघर यांच्या उंचीत साधारण पाचशे मीटरचा फरक आहे. टाटांनी शंभर वर्षांपूर्वी ही जागा हेरली ती या पाचशे मीटरसाठी. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती आणि घाटमाथ्यावर पाऊस भरपूर होता. या उंचीची किंमत मावळच्या शेतकऱ्यांनी मोजली. १९२१ साली सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली मुळशीचा सत्याग्रह झाला, तरीही गावं आणि भाताची खाचरं पाण्याखाली गेलीच. भिऱ्याचं वीजघर १९२७ साली सुरू झालं.

उष्णता आणि तापमान यांची ओळख करून देणाऱ्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत धरण कशाला, असं वाचकाला वाटेल. कारण असं की, या दोन गोष्टींतला फरक मला कुठल्याही प्रयोगशाळेपेक्षा मुळशी ते भिरा या उतारावर जास्त स्पष्ट दिसतो. एक साधा प्रश्न घेऊ. जलाशयातलं एक किलो पाणी, मध्ये वीजघर न आणता, तसंच खाली कोसळू दिलं, आणि पडण्याची सगळी ऊर्जा शेवटी त्या पाण्यातच मुरली, तर ते पाणी किती गरम होईल?

हिशेब चार ओळींचा आहे. एक किलो पाणी पाचशे मीटर खाली आलं की गुरुत्वाकर्षणाकडून त्याला सुमारे ४,९०० ज्यूल ऊर्जा मिळते. एक किलो पाण्याचं तापमान एक अंशानं वाढवायला सुमारे ४,२०० ज्यूल लागतात. ४,९०० ला ४,२०० नं भागलं की १.१७ येतात. म्हणजे एक अंश आणि वर थोडंसं. पाचशे मीटर म्हणजे दीडशे मजली इमारतीची उंची. तेवढ्या उंचीवरून आपटलेलं पाणी जेमतेम सव्वा अंशानं तापतं. हाताला तर फरक कळणारही नाही.

याच हिशेबात आणखी एक गोष्ट दडलेली आहे, आणि ती माझ्या मते जास्त महत्त्वाची आहे. सूत्र लिहिलं तर ते असं होतं:

ΔT = gh/c

यात वस्तुमान कुठेच नाही. वरच्या ओळीत ते होतं, खालच्या ओळीतही होतं, आणि भागाकारात दोन्हीकडून गेलं. तांब्याभर पाणी पाडा किंवा अख्खा जलाशय पाडा, तापमान वाढणार १.१७ अंशच. उष्णतेचं मात्र तसं नाही. मुळशीच्या जलाशयात साधारण ५० कोटी घनमीटर पाणी मावतं. ते सगळं एका अंशानं तापवायचं म्हटलं तर लागणारी ऊर्जा विजेच्या भाषेत सुमारे ५८ कोटी युनिट भरते. भिऱ्याची एकूण क्षमता ३०० मेगावॅट आहे. ती सगळी यंत्रं दिवसरात्र पूर्ण ताकदीनं चालवली, तरी एवढी वीज निर्माण व्हायला ऐंशी दिवस लागतील. आणि एवढं करून थर्मामीटरचा पारा हलणार किती, तर एक अंश.

उष्णतेची मोजदाद करताना 'किती पाणी' हे विचारावंच लागतं. तापमानाला तो प्रश्न लागू होत नाही. तापमान ही प्रत्येक रेणूच्या वाट्याला सरासरीनं काय आलं आहे याची नोंद आहे, आणि सरासरीला एकूण संख्या किती याच्याशी देणंघेणं नसतं.

सरासरी कशाची, हे आता पाहायला हवं.

जलाशयाचं पाणी वरून शांत दिसतं. वारा पडलेल्या सकाळी तर त्यावर तरंगही नसतो. पण पाणी २५ अंशांवर असेल तर त्यातल्या रेणूंचा वेग सेकंदाला साधारण ६४० मीटर असतो, म्हणजे हवेतल्या आवाजाच्या जवळपास दुप्पट. अर्थात एखादा रेणू या वेगानं सरळ पौडपर्यंत जात नाही. शेजारचे रेणू इतके जवळ असतात की स्वतःच्या आकाराएवढं अंतर जायच्या आतच त्याला धक्का बसतो आणि दिशा बदलते. सगळ्यांचा वेग सारखाही नसतो. कुणी मंद, कुणी जलद, आणि प्रत्येक टकरीत हा वाटा इकडचा तिकडे होतो. टिकून राहते ती सरासरी. या धावपळीतल्या गतिज ऊर्जेची सरासरी जेवढी, तेवढं तापमान. मात्र हे तापमान सेल्सिअसच्या शून्यापासून न मोजता उणे २७३ अंशांपासून मोजावं लागतं. २५ अंश सेल्सिअस म्हणजे तिथून २९८ अंश. म्हणूनच कालचं २० अंश आज ४० झालं तर तापमान 'दुप्पट' झालं असं म्हणता येत नाही. रेणूंच्या सरासरी ऊर्जेत तेवढ्यानं फक्त सात टक्क्यांची भर पडलेली असते.

ही कल्पना पहिल्यांदा नीट मांडणाऱ्यांपैकी एक माणूस आपल्या मुंबईत राहत होता, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. जॉन जेम्स वॉटर्स्टन हा स्कॉटिश गृहस्थ १८३९ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या आरमारी उमेदवारांना शिकवायला मुंबईत आला. शिकवून उरलेल्या वेळात तो वायूंचा विचार करत असे. १८४५ साली त्यानं मुंबईहून लंडनच्या रॉयल सोसायटीला एक मोठा निबंध पाठवला. वायू म्हणजे सतत धावणाऱ्या, एकमेकांवर आणि भांड्याच्या भिंतीवर आदळणाऱ्या सूक्ष्म कणांचा समूह आहे, तापमान हे त्या कणांच्या वेगाच्या वर्गाच्या सरासरीवर ठरतं, आणि वेगवेगळे वायू एकत्र असले तर जड कण हळू आणि हलके कण वेगानं धावतात, पण प्रत्येकाची सरासरी गतिज ऊर्जा सारखी राहते, हे सगळं त्यात होतं. परीक्षकांनी तो निबंध निरर्थक ठरवला. सोसायटीनं तो छापला नाही आणि नियमाप्रमाणे परतही केला नाही. वॉटर्स्टनकडे प्रत नव्हती. पुढे क्लॉसियसनं १८५७ मध्ये आणि मॅक्सवेलनं १८६० मध्ये याच वाटेनं जाऊन नाव मिळवलं. वॉटर्स्टन १८८३ साली एडिंबरोजवळ फिरायला म्हणून बाहेर पडला आणि परत आलाच नाही. लॉर्ड रॅलेला तो निबंध सोसायटीच्या दप्तरात १८९१ साली सापडला, आणि पुढच्या वर्षी तो छापला गेला. सत्तेचाळीस वर्षं उशिरा. भौतिकशास्त्राच्या इतिहासातल्या अन्यायांची यादी लांब आहे, पण हा मला विशेष लागतो, कारण मुंबईतल्या शाळा-महाविद्यालयांत हाच सिद्धांत शिकवताना आजही त्याचं नाव बहुधा घेतलं जात नाही.

वॉटर्स्टनचं म्हणणं मुळशीच्या काठावर लावून पाहू. पाण्याच्या पृष्ठभागाला टेकलेली हवा आणि पाणी दोन्ही २५ अंशांवर आहेत असं समजा. त्या हवेतला नायट्रोजनचा रेणू सेकंदाला सुमारे ५१५ मीटरनं धावतो, त्याहून जड असलेला ऑक्सिजनचा रेणू ४८० नं, आणि त्यांच्यापेक्षा हलका असलेला पाण्याच्या वाफेचा रेणू ६४० नं. वेग तीन, पण प्रत्येकाची सरासरी ऊर्जा एकच. दोन वस्तू एकमेकींना टेकल्यावर उष्णतेची देवाणघेवाण थांबते ती या क्षणी. टकरी चालूच असतात, पण जेवढं इकडून तिकडे जातं तेवढंच तिकडून इकडे येतं.

यावरून उष्णता कुठून कुठे जाणार हे कशावर ठरतं ते कळतं. मुळशीच्या जलाशयातल्या रेणूंच्या एकूण ऊर्जेपुढे कपभर उकळता चहा म्हणजे काहीच नाही. तरी तो कप जलाशयात बुडवला तर उष्णता चहातून जलाशयात जाईल, उलट कधीच नाही. ज्याच्याकडे साठा मोठा त्याच्याकडून ती वाहत नाही. जिथे प्रत्येक रेणूचा सरासरी वाटा मोठा, तिथून वाहते. दिशा तापमान ठरवतं. किती उष्णता गेली हे मोजायला मात्र वस्तुमान लागतं, पदार्थाचा स्वभाव लागतो आणि तापमानातला फरक लागतो. म्हणून उष्णता ही एखाद्या वस्तूत 'भरलेली' आहे असं म्हणणंही काटेकोरपणे बरोबर नाही. वस्तूत असते ती अंतर्गत ऊर्जा. तापमानातल्या फरकामुळे ती एका वस्तूकडून दुसरीकडे जाऊ लागली की त्या जाण्याला उष्णता म्हणायचं. पोचली की ती पुन्हा अंतर्गत ऊर्जाच.

पदार्थाचा स्वभाव म्हणजे काय, हेही पाण्याच्या बाबतीत पाहण्यासारखं आहे. एक किलो पाण्याला ४,२०० ज्यूल दिले की ते एक अंशानं तापतं. एक किलो तांब्याला तेवढेच दिले तर ते जवळपास अकरा अंशांनी तापेल. पाण्याला दिलेल्या ऊर्जेतला साधारण सहावा हिस्साच रेणूंच्या धावण्यात जातो. उरलेली ऊर्जा रेणूंच्या डोलण्यात, फिरण्यात आणि शेजाऱ्याशी असलेले बंध ताणण्यात खर्च होते. धावण्यातली सरासरी एका ठरावीक प्रमाणात वाढवायची तर ही बाकीची देणीही त्याच प्रमाणात भागवावी लागतात. वाढलेल्या अंशांवरून आत किती ऊर्जा गेली हे सरळ सांगता येत नाही ते यामुळे. आधी विचारावं लागतं, हा पदार्थ कोणता?

आता पुन्हा त्या पडणाऱ्या पाण्याकडे येऊ. घर्षण सोडून दिलं तर पाचशे मीटरच्या उतारानंतर पाण्याचा वेग सेकंदाला ९९ मीटर होतो, ताशी साडेतीनशे किलोमीटर. भिऱ्याला सुरुवातीपासून पेल्टन पद्धतीची चाकं आहेत. नळाच्या टोकाला अरुंद तोंडातून पाण्याची धार सुटते आणि चाकाच्या कडेवर बसवलेल्या वाट्यांवर आदळते. प्रत्येक वाटी मधोमध दुभागलेली असते. धार मधल्या कण्यावर चिरली जाते, दोन्ही बाजूंनी वळते आणि आली त्याच्या उलट दिशेला बाहेर पडते. वाटी धारेच्या निम्म्या वेगानं फिरत असली तर गंमत होते. वाटीच्या दृष्टीनं पाणी जितक्या वेगानं आलं तितक्याच वेगानं मागे जातं, आणि बाहेर उभ्या माणसाच्या दृष्टीनं ते जवळजवळ थांबूनच खाली पडतं. त्याची गती चाकानं काढून घेतलेली असते.

धारेतल्या प्रत्येक किलोमागे ४,९०० ज्यूल होते. त्याच किलोभर पाण्यात, वर जलाशयात ते स्वस्थ पडलेलं असतानाही, रेणूंच्या नुसत्या धावण्यात दोन लाखांवर ज्यूल होते, म्हणजे चाळीस पटींहून जास्त. मग टर्बाइन त्यावर का चालवत नाहीत? कारण त्या धावण्याला दिशा नाही. जितके रेणू पूर्वेकडे, तितकेच पश्चिमेकडे, तितकेच वर आणि तितकेच खाली. त्यात वाटी धरली तर तिला दोन्हीकडून सारखेच धक्के बसतील आणि ती जागची हलणार नाही. धारेत मात्र प्रत्येक रेणूच्या त्या सैरावैरा धावण्यावर एका दिशेचा ९९ मीटरचा वेग चढलेला असतो. वीज येते ती या चढलेल्या वेगातून.

याच कारणानं धारेचा वेग तापमानात धरायचा नसतो. नळातून सुसाट निघालेलं पाणी त्या वेगामुळे गरम नसतं. सगळे रेणू मिळून एका दिशेनं चालले आहेत, त्याला वेग म्हणायचं. त्यांची आपसात जी बेशिस्त धावपळ चालू आहे, तिचं मोजमाप तापमान. धार वाटीवर न आदळता खडकावर आदळली तर पहिल्याचं दुसऱ्यात रूपांतर होतं. पाणी उसळतं, भोवरे होतात, मोठे भोवरे फुटून लहान होतात, लहान फुटून आणखी लहान, आणि शेवटी तो ९९ मीटरचा शिस्तीचा वेग रेणूंच्या बेशिस्तीत विरून जातो. त्या बेशिस्तीत भर किती पडते? रेणूंचा सरासरी वेग सेकंदाला ६४० मीटरवरून ६४१ च्या थोडा पुढे जातो. पाचशे मीटरचा सगळा कडा रेणूंच्या वेगात मीटर-सव्वामीटरची भर टाकतो, आणि थर्मामीटरवर ती १.१७ अंश म्हणून दिसते.

दिसायला हवी, असं म्हणणं जास्त बरोबर. ताम्हिणी घाटात पावसाळ्यात शेकडो धबधबे असतात. वाचक म्हणेल, चला थर्मामीटर घेऊन, एक वर धरू, एक खाली. हा प्रयत्न आधीच झालेला आहे आणि तो करणारा माणूस साधा नव्हता. मँचेस्टरचा जेम्स प्रेस्कॉट ज्यूल, ज्याच्या नावानं आपण आज ऊर्जा मोजतो, त्यानं वजनं खाली सोडून त्यांच्या जोरावर बंद भांड्यातल्या पाण्यात वल्ही फिरवली, पाणी किती तापतं ते पाहिलं आणि यांत्रिक कामाचा आणि उष्णतेचा हिशेब एक आहे हे दाखवून दिलं. नायगाराचं पाणी १६० फूट पडून फॅरनहाइटच्या सुमारे एक पंचमांश अंशानं तापत असावं असं त्यानं १८४५ साली गणित केलं होतं. १८४७ मध्ये तो लग्नानंतर आल्प्समध्ये गेला असताना विल्यम थॉमसनला, म्हणजे पुढच्या लॉर्ड केल्विनला, भेटला, आणि तिथल्या एका धबधब्यावर दोघांनी तापमान मोजायचा प्रयत्न केला. तो फसला. पाण्याचे तुषार झाले होते.

तुषार झाले की काय बिघडतं, ते ताम्हिणीच्या आकड्यांत पाहा. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे २,४५० ज्यूल लागतात. ते ज्यूल वाफ होणारे रेणू उरलेल्या पाण्यातून घेतात, कारण पृष्ठभाग सोडून जातात ते सरासरीपेक्षा वेगवान रेणूच, आणि ते गेले की मागे राहिलेल्यांची सरासरी उतरते. पाचशे मीटर पडून किलोमागे मिळाले ४,९०० ज्यूल. म्हणजे दर किलोमागे फक्त दोन ग्रॅम पाणी वाटेत उडून गेलं, तर पडण्यानं मिळालेली सगळी कमाई तिथेच संपली. तीन ग्रॅम उडालं तर खालचं पाणी वरच्यापेक्षा गार निघेल. शिवाय तुषार हवेच्या पूर्ण संगतीत असतात, आणि हवा गरम की गार यावर ते आणखी बदलतात. धबधब्याखालचा थर्मामीटर पडण्याबद्दल काहीच सांगत नाही, तो त्या दिवशीच्या हवेबद्दल सांगतो. ऊर्जेचा हिशेब बघायचा तर पाणी बंद वाटेनं, हवेपासून दूर आणावं लागतं. मुळशीहून भिऱ्याला येणारा नळ नेमकं तेच करतो. त्याकडे पुन्हा वळायचं आहे, पण त्याआधी याच कड्यावरून उतरणारी दुसरी एक गोष्ट बघू.

ती म्हणजे हवा. मार्चमध्ये दख्खनच्या पठारावरून पूर्वेचा वारा सुटला की तो घाटमाथा ओलांडून कोकणात उतरतो. पाण्यासारखीच हवाही पाचशे मीटर खाली आली. मगाचंच सूत्र लावा. पाण्याऐवजी हवेचा विशिष्ट उष्मा धरा, किलोला अंशामागे सुमारे एक हजार ज्यूल. उत्तर येतं ४.९ अंश. एकच कडा, पण पाणी सव्वा अंशानं तापलं आणि कोरडी हवा पाच अंशांनी. कारण मात्र वेगळं आहे. हवा खाली आपटत नाही. ती खाली येताना वरच्या हवेचा भार वाढतो आणि ती दाबली जाते. दाबणारी आजूबाजूची हवा आत सरकत असते, आणि आत सरकणाऱ्या हद्दीवर आपटून परतणारा रेणू आला त्याहून जास्त वेगानं परततो. असं असंख्य रेणूंचं झालं की सरासरी वाढते. या सगळ्यात हवेला कुणी उष्णता दिलेली नाही. ती तापली ती तिच्यावर झालेल्या कामामुळे. 'तापमान वाढलं, म्हणजे कुठून तरी उष्णता आली' हा समज कोकणातला मार्च महिना खोटा ठरवतो. आणि वाफ होताना याची दुसरी बाजू दिसते. तिथे उष्णता घेतली जाते, पण पाण्याचं तापमान वाढत नाही. जुलैमध्ये हीच वाट उलटी होते. समुद्रावरची ओली हवा ताम्हिणीच्या कड्यावर चढते, फुगते, गार होते. ढग धरला की बाष्पाचं पाणी होताना तीच साठलेली ऊर्जा परत मिळते, म्हणून वर चढणारी ढगातली हवा कोरड्या हवेइतकी भरभर गार होत नाही.

भिऱ्याच्या उन्हाची कथा यातूनच सुरू होते. २८ मार्च २०१७ रोजी तिथे ४६.५ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली आणि हे लहानसं गाव देशभरच्या बातम्यांत आलं. त्या आकड्यावर शंकाही घेतल्या गेल्या, आणि शंका घेणं योग्यच होतं. घाटावरून उतरलेली हवा पाचएक अंशांची भर टाकते हे खरं, तीन बाजूंनी डोंगर असलेल्या दरीत हवा कोंडते हेही खरं. पण थर्मामीटर हवेचं तापमान दाखवत नाही, तो स्वतःचं तापमान दाखवतो. फुग्यातल्या पाऱ्याचे रेणू ज्या सरासरीवर स्थिरावले, ती आपण वाचतो. त्या फुग्यावर ऊन थेट पडलं, शेजारच्या भिंतीची किंवा तापलेल्या कातळाची धग लागली, किंवा वारा न मिळाल्यानं हवेच्या रेणूंना फुग्याशी हिशेब जुळवता आला नाही, तर आकडा काही अंशांनी फुगतो. म्हणूनच वेधशाळेत थर्मामीटर पांढऱ्या रंगाच्या, सगळीकडून झडपा असलेल्या लाकडी पेटीत, जमिनीपासून माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर, गवतावर ठेवतात. पेटीचा रंग उडाला असेल किंवा शेजारी नवं बांधकाम उभं राहिलं असेल, तर नोंद वाचण्याआधी ते बघावं लागतं. एखादी नोंद खरी की नाही हे ठरवायचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे त्याच दिवशीच्या जवळपासच्या ठिकाणांच्या नोंदी. तीच हवा माणगाव, महाडवरून गेली असेल तर तिथेही तिचा माग सापडायला हवा.

आता तो नळ. टर्बाइनची कार्यक्षमता किती, हे शोधायची नेहमीची पद्धत म्हणजे येणाऱ्या पाण्याचा प्रवाह मोजायचा, उंची मोजायची आणि बाहेर पडलेल्या विजेशी ताळा घालायचा. पण मोठ्या नळातला प्रवाह अचूक मोजणं फार अवघड आणि खर्चिक काम आहे. शंभर मीटरपेक्षा जास्त उंचीच्या वीजघरांसाठी अभियंत्यांकडे दुसरी पद्धत आहे, आणि ती ज्यूलच्या फसलेल्या प्रयोगाचीच सुधारलेली आवृत्ती आहे. तीत प्रवाह मोजावाच लागत नाही. टर्बाइनच्या आधी आणि नंतर पाण्याचं तापमान मोजायचं, बस. कारण पाण्याची जी ऊर्जा चाकाला मिळाली नाही, ती घर्षणात आणि भोवऱ्यांत जाऊन पाण्यातच उष्ण धावपळ म्हणून उरते.

आपल्या पाचशे मीटरवर हे करून बघू. काहीच ऊर्जा काढून घेतली नाही तर पाणी १.१७ अंशानं तापेल, हे आपण पाहिलं. टर्बाइननं नव्वद टक्के ऊर्जा काढली तर उरलेल्या दहा टक्क्यांनी ते ०.१२ अंशाच्या आसपास तापेल. टर्बाइन जितकं चांगलं, पाणी तितकं कमी तापलेलं. एका टक्क्याचा फरक ओळखायचा असेल तर अंशाचा शंभरावा भाग स्पष्ट दिसला पाहिजे, म्हणून यात वापरतात ती उपकरणं अंशाच्या हजाराव्या भागापर्यंत वाचतात. आणि इथे एक खाच आहे. वीजघराच्या तोंडाशी नळातलं पाणी हवेच्या दाबाच्या जवळपास पन्नास पट दाबाखाली असतं. पाणी दाबलं तर अगदी थोडं का होईना, आकसतं आणि हवेसारखंच तापतं. २५ अंशांच्या पाण्यात हे तापणं सुमारे ०.०९ अंश भरतं, म्हणजे जे मोजायचं आहे जवळजवळ तेवढंच. हे लक्षात न घेता दोन आकड्यांची वजाबाकी केली तर साधंसुधं टर्बाइनही अविश्वसनीय इतकं कार्यक्षम निघेल. म्हणून दाबही मोजतात आणि पाण्याच्या गुणधर्मांच्या कोष्टकावरून दुरुस्ती करतात.

ही दुरुस्ती करून एखाद्या यंत्राचा आकडा नवं असताना ०.१२ अंश आला होता आणि काही वर्षांनी तोच ०.१५ वर गेला, तर कार्यक्षमता नव्वदवरून सत्त्याऐंशीवर घसरली आहे असं कळतं. पावसाळ्यात पाण्याबरोबर येणाऱ्या बारीक वाळूनं वाट्यांचा मधला कणा झिजला की असं होतं. धार स्वच्छ चिरली जात नाही, तिच्या कडा फुटतात, आणि जो वेग चाकाला मिळायचा तो पाण्यातच घुसळून जातो. अशा वेळी चाक उतरवून वाट्या पुन्हा घासून-भरून घ्यायच्या की आणखी एक हंगाम चालवायचं, हा निर्णय अभियंते त्या अंशाच्या तीन-शतांशांवर घेतात.